‘रक्त वाढलंय’ : निपाणी भागातल्या एका डेंग्यू रिपोर्टचं प्रकरण

मी बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी भागात जनरल प्रॅक्टिस करतो. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि आमचे निर्णय कुठल्या क्रमाने झाले ते मात्र जसं घडलं तसंच ठेवलंय. त्यात माझी एक चूकही आहे.

पार्श्वभूमी

पेशंट चौतीस वर्षांची, वजन ५२ किलो, तंबाखूच्या वखारीत रोजंदारीवर. नवरा कागलच्या एमआयडीसीत. घरी सासू आणि दोन मुलं. माहेर गावातच असल्यामुळे धावपळ भावाच्या गळ्यात. गणपतीला दोन आठवडे राहिले होते. पावसाने उघडीप दिली होती आणि घरोघरी नळाच्या पाण्याची पिंपं भरून ठेवलेली.

ती गुरुवारी सकाळी आली. ताप १०२, डोळ्यांच्या मागे दुखणं, कंबर आणि मांड्या ठणकत होत्या. ताप कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणाली, “कालपास्नं.” मी कागदावर ‘ताप १ दिवस’ लिहिणार होतो, तेवढ्यात सासूबाई मध्येच बोलल्या, “काल कुठलं? सोमवारी रातीच अंग भाजत हुतं की. मंगळवारी गोळी खाऊन कामाला गेलीया.” रोज बुडाला तर पैसे बुडतात, म्हणून तिच्या हिशेबात ताप कामावरून घरी राहिली त्या बुधवारी सुरू झाला होता. खरा सुरू झाला सोमवारी रात्री. म्हणजे गुरुवार हा तापाचा चौथा दिवस. हा दोन दिवसांचा फरक पुढे सगळ्या रिपोर्टचा अर्थ बदलणार होता.

मेडिकलमधून घेतलेली गोळी मी पिशवीतून काढून पाहिली. ती पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकची जोडगोळी होती. अशी औषधं प्लेटलेटचं काम बिघडवतात, पोटाच्या अस्तरालाही त्रास देतात, म्हणून डेंग्यूची शंका असली की ती टाळायची. ती बंद केली. साधी पॅरासिटामॉल ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, इतकंच ठेवलं. कंबरेत इंजेक्शन देण्याचा आग्रह झाला, तो मानला नाही.

कार्ड काय म्हणालं

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि डेंग्यूचं कार्ड करायला सांगितलं. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये या कार्डाचा खासगी दर २५० रुपयांवर बांधून दिला, त्यामुळे निदान या खर्चावरून तरी हल्ली वाद होत नाहीत.

कार्डाला दोन पट्ट्या असतात. एका पट्टीवर एनएस-वन, म्हणजे विषाणूचंच एक प्रथिन जे आजाराच्या सुरुवातीला रक्तात फिरतं. दुसरीवर आयजीएम आणि आयजीजी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं. सी ही रेघ कार्ड चालू असल्याची खूण. ती उमटली नाही तर कार्ड फेकून द्यायचं. बहुतेक कार्डं १५ ते २० मिनिटांत वाचायची असतात. त्या वेळात फिकट रेघ आली तरी ती पॉझिटिव्ह धरायची. तासाभराने उमटलेल्या रेघेला मात्र काही अर्थ नसतो.

लॅबच्या मुलाने वेळेत फोटो काढून पाठवला होता. एनएस-वन कोरं. आयजीएम कोरं. आयजीजीची रेघ मात्र चांगली ठसठशीत. रिपोर्टवर खाली एक ओळ होती: जुना संसर्ग, सध्याचा डेंग्यू नाही.

भावाने ती ओळ वाचली आणि हुश्श केलं. मला ती ओळ पटली नाही, कारण त्याच कागदावरचा सीबीसी वेगळं सांगत होता. पांढऱ्या पेशी २,९०० आणि प्लेटलेट १,१२,०००. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असायला हव्यात आणि पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर. पावसाळ्यात चौथ्या दिवशी दोन्ही खाली, ठणका तसाच, खोकला-सर्दी नाही. हे चित्र डेंग्यूचंच.

मग कार्ड निगेटिव्ह का? एनएस-वन पहिल्या दोन-तीन दिवसांत सहज सापडतं, नंतर कार्डाची पकड ढिली होत जाते. आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसाच्या पुढे दिसायला लागतं. चौथा दिवस नेमका या दोघांच्या फटीत येतो. ‘कालपास्नं’ हे मी खरं धरलं असतं, तर दुसऱ्या दिवशीच्या कोऱ्या एनएस-वनला मी बरंच वजन दिलं असतं. चौथ्या दिवशीच्या कोऱ्या रेघेला तेवढं वजन देता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट आयजीजीची. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराने डेंग्यू होऊन गेला आणि पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर शरीर आधीच्या ओळखीवर आयजीजी लवकर आणि भरपूर तयार करतं. आयजीएम तेव्हा उशिरा आणि थोडंच येतं, कधी येतच नाही. शिवाय जुनी प्रतिपिंडं एनएस-वनला चिकटून बसतात, त्यामुळे तेही कार्डाला कमी सापडतं. म्हणजे तापाच्या चौथ्या दिवशी ‘एनएस-वन नाही, आयजीएम नाही, आयजीजी ठसठशीत’ याचा अर्थ ‘जुना, मिटलेला’ असू शकतो, तसाच ‘दुसऱ्यांदा झालेला, आत्ताचा’ असाही असू शकतो. कार्डावरून या दोन्हींत फरक करता येत नाही. बऱ्याच कार्डांत आयजीजीची रेघ जास्त प्रमाण असल्याशिवाय उमटू नये अशी रचना असते, त्यामुळे इथे माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे होता. आणि दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू जास्त त्रास देतो.

मी भावाला म्हणालो, “कार्ड निगेटिव्ह आहे, पण हा डेंग्यू धरूनच आपण चालायचं. रोज रक्त तपासायचं.” तो “व्हय व्हय” म्हणाला. घरी जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, “डेंग्यू न्हाई.” माझ्या वाक्यातला ‘पण’ दवाखान्याच्या दारातच राहिला.

अडचण

शुक्रवारी, पाचव्या दिवशी, प्लेटलेट ६४,००० आल्या. ताप १०१. मी प्लेटलेटचा आकडा पाहिला, पाणी, शहाळं, पेज, सरबत भरपूर द्या म्हणालो आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. माझी चूक झाली ती इथे. त्याच रिपोर्टात पीसीव्ही, म्हणजे रक्ताच्या शंभर भागांत लाल पेशींचा वाटा, ३६ होता. आदल्या दिवशी ३४. मी तो वाचला, पण ओळखला नाही.

शनिवारी सकाळी साडेनऊला भावाचा फोन आला. आवाजात सुटका होती.

“डॉक्टर, ताप उतरलाय बघा. रगातबी वाढलंय, तेरा झालंय. नुसत्या पेशी तेवढ्या कमी आल्यात, एकतीस हजार. कोल्हापूरला न्हेऊ काय पेशी चढवायला?”

या एका वाक्यात तीन बातम्या होत्या. पहिल्या दोन त्याला चांगल्या वाटल्या, तिसरी वाईट. डेंग्यूच्या सहाव्या दिवशी खरा हिशेब जवळजवळ उलटा असतो.

मी दोनच प्रश्न विचारले. उलटी होते का? रात्रीपासून लघवी किती वेळा झाली? पहाटेपासून तीन उलट्या झाल्या होत्या. लघवी एकदाच, तीही थोडी. पोटात उजव्या बरगडीखाली दुखतंय असंही मागून सासूबाई म्हणाल्या. “तिला आत्ता घेऊन या, येताना घरातले जुने रिपोर्ट असतील तेवढे सगळे आणा,” म्हणालो.

प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलाची लसीची चिठ्ठी आणि जूनमधला एक सीबीसी निघाला. थकवा येतो म्हणून तेव्हा केलेला. हिमोग्लोबिन १०.९, पीसीव्ही ३३. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं असतं तसं, रक्त कमी. तो कागद शनिवारच्या कागदाशेजारी ठेवल्यावर सगळं चित्र उलगडलं.

| वार | तापाचा दिवस | प्लेटलेट | पांढऱ्या पेशी | हिमोग्लोबिन | पीसीव्ही |
|---|---|---|---|---|---|
| जूनमधला | – | २,१०,००० | ६,८०० | १०.९ | ३३ |
| गुरुवार | ४ | १,१२,००० | २,९०० | ११.२ | ३४ |
| शुक्रवार | ५ | ६४,००० | २,६०० | ११.९ | ३६ |
| शनिवार सकाळ | ६ | ३१,००० | ३,३०० | १३.३ | ४० |

अठ्ठेचाळीस तासांत कुणाच्या अंगात नवं रक्त तयार होत नाही. मग हिमोग्लोबिन अकरावरून तेरावर गेलं कसं? लाल पेशी तेवढ्याच राहिल्या, रक्तातलं पाणी कमी झालं. डेंग्यूत केशवाहिन्या झिरपायला लागतात आणि रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, पोटात आणि छातीत उतरतो. आमटी आटली की मीठ जास्त लागतं, तसं हे ‘वाढलेलं’ हिमोग्लोबिन. मूळ पीसीव्हीपेक्षा २० टक्के वाढ झाली की झिरपणं जोरात आहे असं धरतात. ३३ चे २० टक्के म्हणजे साधारण साडेसहा. ती ३९.६ ची रेषा ओलांडून ४० वर पोचली होती.

लॅबच्या कागदावर स्त्रियांसाठी पीसीव्हीची नॉर्मल कक्षा ३६ ते ४६ छापलेली होती. म्हणजे तिचा नेहमीचा ३३ हा आकडा संगणक ठळक करणार आणि धोक्याचा ४० साधा छापणार. शनिवारच्या कागदावर प्लेटलेटचा आकडा ठळक, त्यापुढे खालच्या दिशेचा बाण. पीसीव्हीची ओळ इतर ओळींसारखीच, निमूट. सगळ्यांची नजर बाणावर गेली, शुक्रवारी माझीसुद्धा.

आणि ताप? डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच तो नाजूक काळ सुरू होतो, २४ ते ४८ तासांचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान कधीही. ज्याला खरोखर बरं वाटतंय त्याचा ताप उतरल्यावर भूक लागते, तो उठून बसतो. तिचा ताप उतरला होता, पण ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

बीपी १००/७६, नाडी १०४, तळहात गार. वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर २४. हे अंतर २० वर किंवा त्याखाली आलं की त्याला शॉक म्हणतात, मग वरचा आकडा शंभर असला तरी. अजून शॉक नव्हता, पण फार लांबही नव्हता. हिरड्या, नाक, शौच, पाळी, सगळं विचारलं. रक्तस्राव कुठेच नव्हता.

पर्याय

तोपर्यंत नवरा कागलहून आला होता. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की पन्नास हजारांच्या खाली गेलं की प्लेटलेट चढवायच्याच. दोन मित्र रक्त द्यायला तयार होऊन मोटारसायकलवर बसलेही होते.

पहिला पर्याय, चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे रक्तपेढ्या आहेत, मोठी हॉस्पिटलं आहेत, नातेवाईक आहेत. घरच्यांचा कौल तिकडेच. दुसरा, बेळगावचं जिल्हा रुग्णालय. अंतर जवळजवळ दुप्पट, पण सरकारी. तिसरा, निपाणीतलंच एक छोटं हॉस्पिटल, जिथे रात्री डॉक्टर थांबतो आणि जिथली लॅब रात्रीही पीसीव्ही करून देते. चौथा पर्याय सासूबाईंचा: घरीच ठेवा, पपईच्या पाल्याचा रस देतो. तो मी नम्रपणे बाजूला केला. तीन उलट्या झालेल्या बाईला कडू रस पाजला तर चौथी होईल, एवढं कारण त्यांना पटलं.

मी स्वतःला विचारलं, पुढच्या दोन तासांत हिला नेमकं काय हवंय? उत्तर प्लेटलेट नव्हतं. शिरेतून मोजून द्यायचं सलाइन हवं होतं आणि दर चार-सहा तासांनी पीसीव्ही. रक्तस्राव नसताना ३१,००० वर प्लेटलेट चढवायची गरज नसते. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शनात रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्यावर तो विचार सांगितला आहे. सिंगापूर-मलेशियात मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात वीस हजार किंवा त्याखाली आलेल्यांना आधीच प्लेटलेट देऊनही रक्तस्राव टळले नाहीत, उलट त्रास वाढले. साध्या एका पिशवीने आकडा पाच-दहा हजारांनी वाढतो, आणि आजार चालू असेपर्यंत त्याही नष्ट होतात. पिशवी लावली तरी झिरपणं थांबत नाही. कागदावरचा आकडा तेवढा सुधारतो.

मी तिसरा पर्याय निवडला, पण अटींवर. बीपीतलं अंतर २० वर आलं, सलाइन चालू असताना पीसीव्ही वाढतच राहिला, कुठूनही रक्त आलं, धाप लागली किंवा ती गुंगीत गेली, तर सलाइन चालू ठेवूनच कोल्हापूर. गाडी आणि ड्रायव्हर दारात थांबवला. ही निवड सगळीकडे लागू पडेल असं मी म्हणणार नाही. रात्री पीसीव्ही करणारी लॅब नसती, तर मी तिला सकाळीच हलवलं असतं.

घरच्यांची समजूत काढायला अर्धा तास गेला. शेवटी नवऱ्याला आमटीचंच उदाहरण दिलं. म्हटलं, पाणी आटलंय, तर आधी पाणी घालू, मग मिठाचं बघू.

काय केलं

सलाइन ‘एक बाटली लावा’ या हिशेबाने दिलं नाही. पहिले दोन तास किलोमागे ताशी ५ मिलिलिटर, म्हणजे तिच्या वजनाला ताशी २६०. मग नाडी, बीपी, हातांची ऊब आणि लघवी बघून चार तास ताशी १५०. नंतर १०० च्या आसपास. उगाच जास्त दिलं तर तेही झिरपून छातीत साठतं, आणि दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी आपोआप रक्तात परतायला लागलं की श्वास लागतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर कमी करायचं कारण शोधायचं. लघवी मोजायला नर्सने प्लॅस्टिकचा मापाचा डबा दिला, सासूबाईंनी तो जबाबदारीने सांभाळला.

दुपारी तीनला पीसीव्ही ३८. हात गरम, लघवी दोनदा, बीपी १०८/७२.

संध्याकाळी मात्र गोंधळ झाला. भावाने परस्पर दुसऱ्या लॅबच्या माणसाला बोलावून रक्त घ्यायला लावलं, खात्री करायला म्हणून. रात्री आठला त्याच्या मोबाइलवर आकडा आला: प्लेटलेट ११,०००. वॉर्डात रडारड. मोटारसायकलवाले मित्र कोल्हापूरच्या वाटेला लागले.

सकाळच्या ३१ वरून सहा-आठ तासांत ११? होऊ शकतं, पण मला दोन गोष्टी खटकल्या. ती चांगली दिसत होती, आणि त्याच रिपोर्टात पीसीव्ही ३७.५ होता, म्हणजे सुधारत चालला होता. मी विचारलं, रक्त कसं घेतलं? शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलं, थेंब-थेंब करून नळी भरली, असं कळलं. रक्त हळूहळू आलं आणि जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या औषधात लगेच मिसळलं नाही, तर बारीक गुठळ्या होतात. प्लेटलेट त्यात अडकतात आणि मशिनला मोजायला उरत नाहीत. काही लोकांच्या प्लेटलेट तर त्या औषधामुळेच एकमेकींना चिकटतात. मशिन फक्त ठरावीक आकाराचे कण मोजतं, झुबका त्याला प्लेटलेट वाटत नाही.

सलाइन नसलेल्या हातातून, चांगल्या शिरेतून पुन्हा रक्त घेतलं, नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी केली आणि हॉस्पिटलच्या लॅबला काचपट्टी बघायला सांगितली. टेक्निशियन जुना माणूस. तेलाची लेन्स लावून त्याने दहा ठिकाणं मोजली, प्रत्येक ठिकाणी सरासरी दोन प्लेटलेट. एका प्लेटलेटमागे साधारण पंधरा हजार धरतात, म्हणजे तीस हजारांच्या आसपास. मशिनवर २७,००० आलं. मित्रांना कोल्हापूरच्या वाटेवरून परत बोलावलं.

परिणाम

रविवारी, सातव्या दिवशी, प्लेटलेट २४,००० म्हणजे सर्वांत खाली होत्या. पण पीसीव्ही ३६, पांढऱ्या पेशी ४,६००, आणि तिने सकाळी भाकरी मागितली. घरच्यांसाठी तो सर्वांत वाईट आकड्याचा दिवस, माझ्यासाठी निश्चिंत झोपेचा. आधी पांढऱ्या पेशी वर येतात, पीसीव्ही जागेवर येतो, प्लेटलेट दिवसभराने मागून येतात. पायांवर लाल पुरळ उठलं, त्यात मधे मधे पांढरे गोल ठिपके, आणि खाज सुटली. ही बरं होत असल्याची खूण. सलाइन दुपारी बंद केलं.

सोमवारी प्लेटलेट ४३,०००, मंगळवारी ८२,०००. ताप उतरून दोन दिवस उलटून गेले होते, सलाइनशिवाय पीसीव्ही ३४ वर स्थिर. घरी सोडलं. एकही पिशवी चढवली नाही.

सोमवारी, आठव्या दिवशी, तालुका रुग्णालयामार्फत सरकारी लॅबला एलायझा नावाच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी रक्त पाठवलं होतं. सरकारी हिशेबात कार्डावरचा डेंग्यू पक्का धरत नाहीत, एलायझावरचा धरतात. ती घरी गेल्यावर निकाल आला: आयजीएम पॉझिटिव्ह. उपचाराला त्याचा उपयोग नव्हता, पण वस्तीत फवारणी आणि पिंपं तपासायला आरोग्य खात्याची माणसं त्यामुळेच आली. दोन वर्षांपूर्वी गल्लीत सगळ्यांना ताप आला होता, तेव्हा हिलाही आला होता आणि कुणी तपासला नव्हता, हे तिने तेव्हा सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

जुना रिपोर्ट मी गुरुवारीच मागायला हवा होता. तो मिळाला असता तर शुक्रवारचा ३६ मला नॉर्मल वाटला नसता. ३३ वरून ३६ म्हणजे ९ टक्के, पाचव्या दिवशी, खाणंपिणं कमी झालेलं. तिला एवढ्यावरून दाखल केलंच असतं असं नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा बोलावलं असतं आणि शनिवारच्या फोनची वाट पाहिली नसती. जुना रिपोर्ट नसेलच तर तापाच्या पहिल्या तीन दिवसांतला सीबीसी पाया म्हणून धरता येतो, म्हणून तो लवकर करून ठेवायचा. त्यात प्लेटलेट छान आल्या तरी तो वाया जात नाही.

दुसरं, बोलण्याचं. दवाखान्यात डेंग्यूच्या धोक्याच्या खुणांचं छापील पत्रक होतं, ते मी भावाला दिलंही होतं. ते कन्नडमध्ये होतं. भाऊ मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलतो पण वाचताना अडखळतो. त्याने घडी करून खिशात ठेवलं. सीमेवर हे रोज घडतं आणि मला ते सुचायला हवं होतं. आता चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी हातानेच लिहितो: पोट दुखणं, उलट्या थांबत नाहीत, सहा तास लघवी नाही, हात-पाय गार, कुठूनही रक्त, बडबड किंवा सुस्ती. यातलं काहीही, ताप उतरल्यावरसुद्धा, तर लगेच या. ‘ताप उतरल्यावरसुद्धा’च्या खाली दोन रेघा.

तिसरं, लॅबची ती ओळ. ‘जुना संसर्ग, सध्याचा डेंग्यू नाही’ असं लिहिणाऱ्या लॅबवाल्याशी मी नंतर बोललो. तो वाईट माणूस नाही, सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ आपोआप पडते. आता तो तिच्याजागी फक्त तीन रेघांचा निकाल आणि तापाचा दिवस लिहितो. दिवस विचारावा लागतो म्हणून कुरकुरतो, पण लिहितो.

दुसऱ्या लॅबच्या ११,००० बद्दल मी भावाला काही बोललो नाही. बहीण पडलेली असताना माणूस दोन ठिकाणी विचारणारच. फक्त एवढंच सांगितलं की एका आजारात एकच लॅब, एकच मशिन. दोन मशिनांमध्ये दहा-वीस हजारांचा फरक निरोगी माणसातही पडतो.

दसऱ्याच्या सुमारास त्याच्या शेजारच्या मुलाला ताप आला. भावाने मला मोबाइलवर रिपोर्टचा फोटो पाठवला. प्लेटलेट ९०,०००, बाणासकट ठळक. त्याने पेनाने गोल केला होता तो पीसीव्हीच्या आकड्याला. खाली लिहिलं होतं, “डॉक्टर, ह्येचा आधीचा किती हुता ते कुणालाच ठाव न्हाई. काय करायचं?”